कलम ९ : प्रोबेशनवरच्या ऑपरेटरचं गेट बंद झालं तेव्हा

वाळूजच्या एमआयडीसीत नेमणुकीचं पत्र हातात पडतं तेव्हा पोरं पगाराचा आकडा बघतात, शिफ्ट बघतात आणि खाली सही करतात. मधली कलमं वाचायला कुणी थांबत नाही, आणि थांबून तरी काय करणार? कलम आवडलं नाही म्हणून नोकरी सोडायची कुणाचीच परिस्थिती नसते. पुढे कधीतरी गेटवर वॉचमन म्हणतो, ‘तुला आत घ्यायचं नाही, एचआरला भेट,’ आणि तेव्हा ते पत्र पहिल्यांदा उलगडून वाचलं जातं.

खालचं प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. एकाच साच्यातल्या अनेक प्रकरणांवरून मी ते जुळवलं आहे. कायदा आणि न्यायालयाचे निकाल मात्र खरे आहेत.

घडलं ते असं

गंगापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला मुलगा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ४ सप्टेंबर २०२३ पासून व्हीएमसी या धातू कापणाऱ्या मशीनवर ऑपरेटर म्हणून लागला. कारखान्यात कामगार १८० च्या आसपास. पगार १७,५०० रुपये, त्यावर उत्पादनाचा इन्सेंटिव्ह. पत्रात प्रोबेशन सहा महिन्यांचं. कलम ९ होतं ते असं : ‘परिवीक्षा काळात किंवा वाढीव परिवीक्षा काळात कंपनी कोणतीही पूर्वसूचना न देता व कोणतेही कारण न सांगता आपली सेवा समाप्त करू शकेल. लेखी आदेशाने कायम केल्याशिवाय आपण परिवीक्षाधीनच राहाल.’

सहा महिने भरायच्या आदल्या दिवशी, २ मार्च २०२४ ला, प्रोबेशन आणखी तीन महिने वाढवल्याचं पत्र आलं. त्यावरही त्याची सही आहे.

१७ मे ला, शुक्रवारी, दुसरी शिफ्ट सुटताना गेटवर झडती झाली आणि त्याच्या डब्याच्या पिशवीत कार्बाइड इन्सर्टचं छोटं खोकं निघालं. इन्सर्ट म्हणजे मशीनच्या कटरला लावतात ती कापणारी चकती. घासलेली असली तरी भंगारात तिला चांगला भाव येतो, म्हणून कंपन्या तिचा हिशेब ठेवतात. त्याचं म्हणणं असं की मशीन जुळवून देणाऱ्या सेटरने खोकं टूल क्रिबला, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, जमा करायला दिलं होतं, क्रिब बंद होतं, म्हणून सकाळी देऊ असं ठरवून पिशवीत ठेवलं. खरं काय ते आपल्याला माहीत नाही, आणि या प्रकरणात तेच महत्त्वाचं आहे : ते खरं की खोटं हे कुणी तपासलंच नाही. सुरक्षा अधिकाऱ्याने गेट रजिस्टरमध्ये नोंद केली, वॉचमनचा जबाब घेतला आणि शनिवारी एक पानी अहवाल दिला, ‘चोरी सिद्ध होत आहे.’ मुलाला बोलावलं नाही.

सोमवारी, २० मे ला, गेट बंद. एचआरने हातात पत्र दिलं : ‘आपली कामगिरी समाधानकारक नसल्याने कलम ९ अन्वये आपली सेवा तात्काळ समाप्त करण्यात येत आहे.’ चोरीचा शब्दही नाही.

‘मला काहून काढलं ते तरी सांगा,’ तो म्हणाला. उत्तर मिळालं, ‘प्रोबेशनमधे कारण द्यावं लागत नाही.’

हे उत्तर कितपत खरं?

अर्धं खरं आहे. प्रोबेशन म्हणजे माणूस कामाला योग्य आहे का हे पाहण्याचा काळ. तो योग्य वाटला नाही तर त्याला कायम न करण्याचा हक्क मालकाला आहे आणि न्यायालयं त्यात सहसा ढवळाढवळ करत नाहीत. स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींची कायद्याने ठरलेली नियमावली. तिच्या केंद्रीय नमुन्यातही प्रोबेशनरला नोटीस किंवा नोटिशीचा पगार मिळण्याचा हक्क नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे. १९८४ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. करारातल्या अटीनुसार करार संपवला तर ती ‘कामगार कपात’ धरायची नाही, असं त्यात आलं. १९९४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद प्रोबेशनरलाही लावला. म्हणजे अस्सल प्रोबेशनमध्ये, कामगिरी बघून, अटीनुसार सेवा संपवली, तर नोटीस आणि भरपाई दोन्ही सुटतात. खोटी आशा दाखवून कुणाला कोर्टाच्या पायऱ्या चढवू नयेत, म्हणून हे आधी सांगतो.

पण या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : २० मे ला तो खरोखरच प्रोबेशनवर होता. प्रकरण तिथेच फिरतं.

प्रोबेशन कुणाचं धरायचं, पत्राचं की स्थायी आदेशांचं?

कारखान्यातल्या नोकरीच्या अटी फक्त पत्रात नसतात. त्या काळी लागू असलेल्या १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखाली एवढ्या कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश असावेच लागत. कंपनीने स्वतःचे आदेश प्रमाणित करून घेतले नसतील तर सरकारचे आदर्श स्थायी आदेश आपोआप लागू होत. या कंपनीने काहीच प्रमाणित करून घेतलेलं नव्हतं. मुलाच्या बाजूने आम्ही माहिती मागवली तेव्हा एचआरमधल्या बाईंनी विचारलं, ‘स्थायी आदेश म्हणजे एचआर पॉलिसी का?’ त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

आदर्श स्थायी आदेशांत प्रोबेशनर कोण? कायम जागेवर तात्पुरता घेतलेला आणि त्या जागेवर तीन महिन्यांची सेवा पूर्ण न झालेला कामगार. तीन महिने. आपल्या मुलाचे ते ३ डिसेंबर २०२३ ला भरले. त्या वेळी काम पसंत नव्हतं तर कंपनीला तेव्हाच त्याला कमी करता आलं असतं. तिने केलं नाही, उलट पुढचे साडेपाच महिने मशीनवर ठेवलं.

यावर कंपनीचा वकील म्हणणार, ‘पण त्याने सहा महिन्यांच्या पत्रावर सही केली आहे, वाढीव मुदतीवरही केली आहे.’ इथे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा निकाल उपयोगी पडतो. तिथे स्थायी आदेशांत प्रोबेशन दोन महिन्यांचं होतं आणि कंपनीने एका वॉचमनला वेगळ्या करारावर सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं होतं. पुढे त्याला कमी केलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थायी आदेश लागू असताना त्यांच्याशी विसंगत असा खाजगी करार टिकत नाही. गरजू माणूस नोकरीसाठी कशावरही सही करेल, म्हणून तर कायद्याने अटी एकसारख्या आणि जाहीर ठेवायला सांगितलं. सहीने कायदा माफ होत नसतो.

एक फरक लक्षात ठेवायला हवा. स्थायी आदेशांचा आधार नसेल, फक्त पत्रच असेल, तर चित्र वेगळं होतं. एक्स्प्रेस न्यूजपेपर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्रोबेशनची मुदत संपली आणि मालकाने काहीच केलं नाही, तर कामगार प्रोबेशनरच राहतो, तो आपोआप कायम होत नाही. ‘सहा महिने झाले म्हणजे मी कन्फर्म’ असं बरेच जण गृहीत धरतात, ते चूक आहे. आपोआप कायम व्हायला मुदतीची कमाल मर्यादा नियमात बांधलेली असावी लागते. म्हणूनच अशा प्रकरणात मी माणसाला पहिला प्रश्न पत्राबद्दल विचारत नाही. विचारतो की कारखान्यात माणसं किती आणि नोटीस बोर्डावर स्थायी आदेश लावलेले आहेत का.

पत्रामागचं कारण

समजा स्थायी आदेशांचा मुद्दा नाही, तो खरोखर प्रोबेशनवरच होता. मग कलम ९ ने काम भागलं का? तरीही नाही. न्यायालय पत्राची भाषा बघून थांबत नाही, त्यामागे काय घडलं ते बघतं. दीप्ती प्रकाश बॅनर्जी प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट मांडला. माणसाच्या पाठीमागे चौकशी झाली, त्यात तो दोषी असा निष्कर्ष निघाला आणि त्या निष्कर्षावरच त्याला काढलं, तर साधं दिसणारं पत्रही शिक्षाच ठरतं. चौकशीच केली नाही, निष्कर्ष काढला नाही, तक्रारी आल्या म्हणून त्याला पुढे ठेवायचं नाही एवढंच मालकाने ठरवलं, तर त्या तक्रारी निव्वळ हेतू ठरतात आणि पत्र टिकतं. तो निकाल सरकारी अनुदानावरच्या संस्थेबद्दलचा असला, तरी कामगार न्यायालयातही पत्राची भाषा सोडून खरा प्रकार बघायची रीत जुनी आहे. चार्टर्ड बँकेच्या १९६० च्या प्रकरणापासून ती चालत आलेली आहे.

आपल्या प्रकरणात सुरक्षा अधिकाऱ्याचा एक पानी अहवालच कंपनीला नडतो. ‘चोरी सिद्ध होत आहे’ हा निष्कर्ष आहे, तो मुलाच्या पाठीमागे काढला आहे, आणि मध्ये फक्त रविवार जाऊन लगेच पत्र निघालं. दुसऱ्या बाजूला ‘कामगिरी समाधानकारक नाही’ या वाक्याला कागदाचा टेकू नाही. उलट एप्रिलच्या पगारपत्रकात उत्पादनाचा इन्सेंटिव्ह आहे. साडेआठ महिन्यांत एक मेमो नाही, रिजेक्शनबद्दल एक शेरा नाही.

कंपनी इथे दोन्हीकडून अडकते. कामगिरीवर ठाम राहिली तर इन्सेंटिव्हच्या पावत्या आडव्या येतात. चोरी पुढे केली तर शिक्षा म्हणून काढलं हे कबूल होतं आणि चौकशी कुठे आहे असा प्रश्न येतो. चौकशी झाली नसेल तरी न्यायालयासमोर आरोप सिद्ध करायची संधी मालकाला मागता येते, पण ती आपल्या म्हणण्यात वेळेवर मागावी लागते. त्यासाठी सेटरला साक्षीला उभं करावं लागलं असतं, आणि सेटर काय सांगेल याची कंपनीलाच खात्री नव्हती.

दिवसांचा हिशेब

आमच्या तक्रारीत तिसरा मुद्दा २४० दिवसांचा घेतला. सेवा संपायच्या आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे. पूर्ण बारा महिने नोकरीत असण्याची अट नव्हती.

मुलाने स्वतः मोजले तेव्हा २०५ भरले आणि तो निराश झाला. त्याने फक्त मशीनवर उभं राहिलेले दिवस मोजले होते. ४ सप्टेंबर ते १९ मे हे २५९ दिवस होतात. त्यातून बिनपगारी ११ रजा वजा केल्या की २४८ राहतात. यात ३७ रविवार आहेत आणि सणांच्या, राष्ट्रीय सुट्ट्यांचे ६ दिवस आहेत. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणसुट्ट्या या २४० मध्ये धरायच्या. महिन्यावर पगार असलेल्या माणसाने म्हणून हजेरी कार्डाबरोबर पगारपत्रकंही जपावीत. कार्डावर रविवार कोरा दिसतो, पगारात तो असतो.

हा मुद्दा एकटा उभा राहत नाही, हेही सांगायला हवं. कलम ९ प्रामाणिकपणे वापरलं असं न्यायालयाला वाटलं तर १९८४ चा अपवाद लागतो आणि २४० दिवस भरूनही उपयोग होत नाही. पहिले दोन मुद्दे सिद्ध झाले तर मात्र अपवादाची ढाल गळून पडते, आणि नोटीस-भरपाई न देता काढलं म्हणून सेवासमाप्तीच बेकायदा ठरते.

वेळ

मुलगा आमच्याकडे जुलैच्या शेवटी आला. दोन महिने तो एचआरला फोन लावत होता, सुपरवायझरच्या घरी जात होता, गावच्या पुढाऱ्याची चिठ्ठी आणत होता. हे सगळेच करतात. पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते, म्हणजे त्याला १८ ऑगस्टपर्यंतच वेळ होता. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली पहिली बाब अशा प्रकरणासाठी आहे : सूडबुद्धीने काढणं, हक्काचा देखावा करून वाईट हेतूने काढणं, धडधडीत खोटं कारण देऊन काढणं. आम्ही ‘हक्काचा देखावा’ आणि ‘खोटं कारण’ हे दोन्ही घेतले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली.

तक्रारीसोबत एक छोटा अर्ज होता, गेट रजिस्टर आणि सुरक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायालयात हजर करायला लावण्याचा. अहवाल झाला हे मुलाला त्याच्या शिफ्टमधल्या वॉचमनकडून कळलं होतं. सगळ्या कागदपत्रांत हा अर्ज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्याशिवाय चोरीचा आरोप पत्रामागेच दडून राहिला असता आणि आम्ही कामगिरीवर वाद घालत बसलो असतो.

मे महिन्याच्या कामाचा पगारही अडवलेला होता. मालकाने सेवा संपवली तर त्या वेळच्या वेतन प्रदान कायद्याने दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत पगार चुकता करावा लागे, म्हणजे २२ मे पर्यंत. प्रोबेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याचा वेगळा अर्ज दिला आणि पगार पंधरा दिवसांत जमा झाला.

कुठे निकाल वेगळा लागला असता

तोच मुलगा पहिल्या तीन महिन्यांत, पाठीमागे चौकशी न होता, साध्या पत्राने कमी झाला असता तर मी त्याला तक्रार करू नको असंच सांगितलं असतं. तो शिफ्ट इंजिनियर असता, हाताखालच्या माणसांवर अधिकार असलेला आणि व्यवस्थापनाचं काम करणारा, तर ‘कामगार’ या व्याख्येतच बसला नसता. मग नुसता करार उरतो, आणि खाजगी नोकरीत करार मोडला म्हणून न्यायालय सहसा परत कामावर घ्यायला लावत नाही, नोटिशीच्या पगाराएवढी भरपाई मिळाली तर मिळते. इथे पदाच्या नावाला फसू नये. ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणून कार्ड देऊन मशीनवर उभं केलेली माणसं मी वाळूजला आणि शेंद्र्यालाही पाहिली आहेत. कायदा प्रत्यक्ष काम बघतो.

काही मर्यादा मात्र प्रोबेशनच्या पहिल्या दिवसापासून आहेत. हाताला मार लागून ईएसआयचा अपंगत्व लाभ चालू असताना, किंवा ईएसआयच्या दाखल्यावर आजारी असताना काढता येत नाही. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या काळात काढणं बेकायदा आहे, मग तिचं कलम ९ काहीही म्हणो. याला कायम असण्याची अट नाही.

सगळ्यात मोठा बदल तारखेचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यातलं स्थायी आदेशांचं प्रकरण ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. म्हणजे १८० माणसांच्या अशाच कारखान्यात आज कुणी नव्याने लागला आणि असाच काढला गेला, तर आमचा पहिला आणि सगळ्यात भक्कम मुद्दा त्याच्या हाती तितक्या सहज येणार नाही. वाळूज, चिकलठाणा, जालन्यातले बहुतेक मधले-छोटे कारखाने या आकड्याच्या खाली आहेत. मला ही मोठी हानी वाटते. एक महिन्याची नोटीस आणि पंधरा दिवसांची भरपाई संहितेत कायम आहे, पण करारातल्या अटीचा अपवादही कायम आहे. त्यामुळे इथून पुढे अशा माणसाचा भार पत्रामागचं खरं कारण सिद्ध करण्यावर जास्त पडेल. संहितेखाली न्यायाधिकरणाकडे थेट जायची मुदतही जुन्या तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे.

शेवटी काय झालं

रजिस्टर हजर करण्याच्या अर्जावर आदेश व्हायच्या आधीच कंपनीकडून बोलणी आली. परत कामावर घ्यायची तयारी होती, पण दुसऱ्या प्लांटला, नव्या पत्रावर, नव्याने प्रोबेशन. हे मान्य करू नये असं मी त्याला सांगितलं. तीन डिसेंबरपासूनचा त्याचा हक्क त्याच सहीने बुडाला असता. लढत राहिला असता तर जुन्या तारखेपासून कामावर घेतलं जाण्याची चांगली शक्यता होती असं माझं मत आहे. पण तोवर त्याला शेंद्र्याला कंत्राटदाराकडे काम लागलं होतं, घरी बाळ होतं, आणि निकालाला किती वर्षं लागतील हे कुणी सांगू शकत नव्हतं.

तडजोड झाली ती अशी. २० मे चं पत्र कंपनीने मागे घेतलं आणि राजीनामा धरला. सहा महिन्यांचा पगार, १,०५,००० रुपये, धनादेशाने. अनुभवाच्या दाखल्यात फक्त तारखा आणि पद, शेरा नाही. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने आठ दिवसांत भरायची, म्हणजे नवीन मालकाकडे खातं जोडलं जाईल. गेट रजिस्टरच्या त्या नोंदीखाली, ‘सदर बाबतीत कोणतीही चौकशी झालेली नाही व कोणताही आरोप सिद्ध झालेला नाही,’ असं व्यवस्थापकाने सहीनिशी लिहून द्यायचं. पैशांवर तो लवकर तयार झाला होता. या शेवटच्या ओळीसाठी मात्र तो दोन तारखा अडून बसला, आणि ती मिळाल्यावरच त्याने सही केली.